बेंझीनची रेझोनन्स ऊर्जा हायड्रोजनेशनच्या उष्णतेवरून कशी काढायची: १५० किलोज्यूल येतात कुठून आणि ते कितपत धरून चालायचे

बेंझीनची रेझोनन्स ऊर्जा किती, असे विचारले की रसायनशास्त्राचा विद्यार्थी पटकन ‘१५० किलोज्यूल प्रति मोल’ म्हणतो. उत्तर बरोबर आहे. मात्र हा आकडा थर्मामीटरच्या काचेवर कोणी थेट वाचलेला नाही. दोन मोजमापे आणि एक गृहीतक मिळून तो तयार होतो. गृहीतक बदलले की आकडाही बदलतो, आणि तो थोडाथोडका बदलत नाही. म्हणून हे गणित एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करून पाहावे: मोजलेले काय, मानलेले काय आणि वजाबाकीनंतर हाती उरते ते नेमके कशाचे माप, हे प्रत्येक टप्प्यावर तपासत. या लेखात तेच करू.

पहिली पायरी: तुलना कशाशी करायची ते ठरवा

केकुलेच्या चित्रात बेंझीनच्या षट्कोनात एकाआड एक असे तीन दुहेरी बंध असतात. हे बंध एकमेकांशी काहीही संबंध न ठेवता सुटेसुटे वागले असते, तर तिन्ही मिळून हायड्रोजन घेताना साध्या एका दुहेरी बंधाच्या तिप्पट उष्णता बाहेर पडली असती. प्रत्यक्षात त्यापेक्षा बरीच कमी पडते. जेवढी कमी पडते, तेवढा बेंझीनचा रेणू ‘अपेक्षेपेक्षा’ खालच्या ऊर्जेवर बसलेला आहे, आणि हीच त्याची रेझोनन्स ऊर्जा. पद्धत एवढीच.

यातला कळीचा प्रश्न म्हणजे ‘साधा एक दुहेरी बंध’ कोणता घ्यायचा. नेहमी सायक्लोहेक्झीन घेतात, आणि त्यामागे दोन कारणे आहेत. बेंझीन आणि सायक्लोहेक्झीन या दोघांचेही पूर्ण हायड्रोजनेशन केल्यावर एकच पदार्थ मिळतो, सायक्लोहेक्झेन. त्यामुळे दोन्ही उष्णता एकाच तळापासून मोजलेल्या उंचीसारख्या होतात आणि त्यांची वजाबाकी करता येते. दुसरे कारण असे की दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना किती कार्बन जोडलेले आहेत आणि ते एकाच बाजूला आहेत की विरुद्ध, यावर हायड्रोजनेशनची उष्णता अवलंबून असते. सायक्लोहेक्झीनच्या दुहेरी बंधाच्या प्रत्येक टोकाला एक कार्बन आहे आणि दोन्ही कार्बन एकाच बाजूला आहेत. बेंझीनच्या कडेतही तशीच रचना दिसते.

ही निवड किती महत्त्वाची आहे, ते आकड्यांतच दिसते. एथिलीनची हायड्रोजनेशनची उष्णता ३२.८२ किलोकॅलरी प्रति मोल आहे, ट्रान्स-२-ब्यूटीनची २७.६२ आणि सिस-२-ब्यूटीनची २८.५७. सायक्लोहेक्झीनची आहे २८.५९. सिस-२-ब्यूटीन आणि सायक्लोहेक्झीन यांच्यात जवळजवळ फरकच नाही, याचा अर्थ सायक्लोहेक्झीनचे कडे त्या दुहेरी बंधावर फारसा वेगळा ताण आणत नाही. मला ही जुळणी फार मोलाची वाटते, कारण कड्याचा ताण आकड्यात शिरला असेल का, ही शंका तिथेच बऱ्याच अंशी फिटते. उलट एथिलीनला आधार धरले तर बेंझीनची रेझोनन्स ऊर्जा २०४ किलोज्यूलपर्यंत फुगते, आणि त्यातल्या पन्नासेक किलोज्यूलचा रेझोनन्सशी काही संबंध नसतो. एथिलीनच्या दुहेरी बंधाला एकही कार्बन जोडलेला नाही, एवढेच त्याचे कारण.

दुसरी पायरी: मोजलेले आकडे, आणि ते कसे मोजले

या गणिताचे अभिजात आकडे हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज किस्टियाकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात मोजले. बेंझीनचे मोजमाप १९३६ चे. पदार्थाची वाफ आणि हायड्रोजन यांचे मिश्रण कॅलरीमीटरमधल्या उत्प्रेरकावरून न्यायचे आणि बाहेर पडणारी उष्णता मोजायची, अशी ती पद्धत होती. तापमान ३५५ केल्विन, म्हणजे सुमारे ८२ अंश सेल्सिअस. सगळे पदार्थ वायुरूपात असल्यामुळे द्रवातल्या रेणूंची आपसातली ओढ हिशोबात येत नाही.

आता कोणी विचारेल, ज्वलनाची उष्णता मोजून हेच काढता आले नसते का? येते, पण अचूकता मार खाते. एक मोल बेंझीन जाळल्यावर सुमारे ३२६८ किलोज्यूल उष्णता निघते. मोजमापात हजारात एक भाग चूक झाली तरी ती तीन किलोज्यूलच्या पुढे जाते. हायड्रोजनेशनची उष्णता मुळातच दोनशेच्या आसपास, त्यामुळे तेवढ्याच प्रमाणातली चूक तिथे जेमतेम ०.२ किलोज्यूलची होते. लहान फरक शोधायचा असेल तर मोठ्या संख्यांची वजाबाकी करू नये.

गणितासाठी लागणारे तीन आकडे असे:

```
C6H10 (cyclohexene)        + H2   → C6H12   ΔH = -28.59 kcal/mol
C6H8  (1,3-cyclohexadiene) + 2 H2 → C6H12   ΔH = -55.37 kcal/mol
C6H6  (benzene)            + 3 H2 → C6H12   ΔH = -49.80 kcal/mol
```

हे आकडे जरा थांबून पाहा. दोन दुहेरी बंधांच्या डायईनमधून ५५ किलोकॅलरी निघतात आणि तीन दुहेरी बंधांच्या बेंझीनमधून पन्नासही नाहीत. एक हायड्रोजन जास्त घेऊनही उष्णता कमी. अजून एकही वजाबाकी न करता बेंझीनचे वेगळेपण इथे उघड होते.

तिसरी पायरी: गुणाकार आणि वजाबाकी

मूळ मोजमाप किलोकॅलरीत आहे, म्हणून गणितही किलोकॅलरीत पूर्ण करावे आणि एकक शेवटी बदलावे. आधीच किलोज्यूलमध्ये नेऊन पूर्णांकन केले आणि मग तीनने गुणले, तर पूर्णांकनाची चूकही तिप्पट होते.

```
अपेक्षित : 3 × (-28.59) = -85.77 kcal/mol
मोजलेली  :               -49.80 kcal/mol
तफावत   : 85.77 - 49.80 = 35.97 kcal/mol
          35.97 × 4.184 = 150.5 kJ/mol
```

किलोज्यूलमध्ये पाहिले तर अपेक्षित उष्णता ३५८.९, मोजलेली २०८.४ आणि तफावत १५०.५. पाठ्यपुस्तकांत १५० किंवा १५२ असे आकडे दिसतात. हा फरक मूळ मोजमापे कोणत्या तापमानाची घेतली आणि पूर्णांकन कुठे केले, यातून येतो.

चिन्हाच्या बाबतीत एकच सवय लावून घ्यावी. हायड्रोजनेशन उष्मादायी आहे म्हणून तिन्ही एन्थाल्पी ऋण आहेत. स्थिरता सांगताना मात्र ‘इतक्याने खाली’ असे म्हणायचे आणि धन संख्या द्यायची. उत्तर ऋण आले तर वजाबाकीचा क्रम उलटला, आणि ५६७ च्या घरात गेले तर वजाबाकीच्या जागी बेरीज झाली असे समजावे: ३५८.९ आणि २०८.४ यांची बेरीज बरोबर ५६७.३ होते.

चौथी पायरी: अवस्था आणि तापमान जुळतात का ते पाहा

मूळ मोजमापे हाताशी नसतील तर निर्मितीच्या प्रमाण एन्थाल्पीवरून हेच गणित करता येते. बहुतेकांच्या चुका नेमक्या इथे होतात. २९८ केल्विनला वायुरूपातील बेंझीनची निर्मितीची एन्थाल्पी +८२.९ किलोज्यूल, सायक्लोहेक्झीनची −५.० आणि सायक्लोहेक्झेनची −१२३.४ धरू. हायड्रोजनची अर्थातच शून्य. मग:

```
benzene     : -123.4 - 82.9   = -206.3 kJ/mol
cyclohexene : -123.4 - (-5.0) = -118.4 kJ/mol
तफावत      : 3 × 118.4 - 206.3 = 148.9 kJ/mol
```

वेगळ्या तापमानाची आणि वेगळ्या प्रकारच्या मोजमापांतून आलेली ही माहिती दोन किलोज्यूलच्या आत पहिल्या उत्तराशी जुळते. पद्धत मुळात पक्की आहे, याचा हा चांगला पुरावा.

आता चूक कशी होते ते पाहू. तक्त्यात बेंझीनच्या दोन ओळी असतात, एक द्रवाची आणि एक वायूची. द्रव बेंझीनची निर्मितीची एन्थाल्पी +४९.० आहे. घाईत ती उचलली आणि सायक्लोहेक्झेन वायूचाच ठेवला, तर बेंझीनचे हायड्रोजनेशन −१७२.४ येते आणि रेझोनन्स ऊर्जा १८२.८. आकडा अगदीच अशक्य वाटत नाही, म्हणून तो उत्तरपत्रिकेत तसाच राहतो. ओळखायचे कसे? योग्य उत्तरापासून तो ३३.९ ने दूर आहे, आणि ३३.९ किलोज्यूल ही बेंझीनची बाष्पीभवनाची एन्थाल्पी आहे. तुमच्या उत्तरात ३३-३४ किलोज्यूलची तफावत दिसली तर दुसरीकडे कुठे शोधण्याआधी अवस्थांचा स्तंभ तपासा. या तिन्ही द्रवांची बाष्पीभवनाची एन्थाल्पी ३३ ते ३४ च्या दरम्यानच आहे. म्हणून तिन्ही पदार्थ द्रवरूपात घेतले तर मात्र ती जवळजवळ कटते आणि उत्तर फारसे हलत नाही.

तापमानाचेही असेच आहे. ३५५ केल्विनला बेंझीनची उष्णता २०८.४ होती, २९८ ला २०६.३. दोन किलोज्यूल सरकली, कारण तीन मोल हायड्रोजन नाहीसा झाल्यावर मिश्रणाची उष्माधारकता कमी होते. अपेक्षित बाजूनेही तीनच मोल हायड्रोजन वापरला जातो, त्यामुळे वजाबाकी करताना हा परिणाम बराचसा निघून जातो. तापमानाची चूक म्हणूनच दोन्ही आकडे वेगवेगळ्या तापमानांचे घेतले तरच त्रास देते.

मोजमापात काय बिघडू शकते

कागदावरचे गणित सोपे आहे. प्रयोगात दोन गोष्टी आकडा बिघडवतात, आणि त्या विरुद्ध दिशांना ओढतात.

पहिली गोष्ट म्हणजे बेंझीनचे अपुरे हायड्रोजनेशन. बेंझीन हट्टी आहे, उत्प्रेरक थोडा मरगळलेला असला की त्यातला काही भाग तसाच बाहेर पडतो. शंभरात एक भाग बेंझीन उरले तर उष्णता सुमारे २ किलोज्यूल कमी भरते आणि रेझोनन्स ऊर्जा तेवढ्याने जास्त दिसते. आपल्याला जो परिणाम सिद्ध करायचा आहे, ही चूक त्याच्याच बाजूने झुकते, म्हणून तिच्याकडे जास्त कडक नजरेने पाहावे लागते.

दुसरी गोष्ट सायक्लोहेक्झीनच्या बाजूला घडते आणि ती अधिक रंजक आहे. प्लॅटिनम किंवा पॅलेडियमसारख्या उत्प्रेरकावर हायड्रोजन कमी पडला, तर सायक्लोहेक्झीनचे रेणू आपसातच हायड्रोजनची देवाणघेवाण करतात. तीन रेणूंपैकी एक आपले चार हायड्रोजन अणू देऊन बेंझीन होतो आणि बाकीचे दोघे ते घेऊन सायक्लोहेक्झेन होतात. असे झालेले बेंझीन पुढे हायड्रोजन घेऊन सायक्लोहेक्झेन झाले तर काही बिघडत नाही, कारण वाट कोणतीही असो, आरंभ आणि शेवट तेच असले की एकूण उष्णता तीच राहते. ते बेंझीन तसेच उरले तर मात्र हिशोब चुकतो. समजा शंभर मोल सायक्लोहेक्झीनपैकी तीन मोल या वाटेने गेले आणि एक मोल बेंझीन शिल्लक राहिले. न निघालेली उष्णता २०८.४ किलोज्यूल, शंभर मोलमध्ये वाटली की प्रत्येकी सुमारे २.१. या आकड्याला आपण पुढे तीनने गुणणार आहोत, म्हणून रेझोनन्स ऊर्जेत ६ किलोज्यूलपेक्षा जास्त घट दिसेल. सायक्लोहेक्झीनच्या मोजमापातली प्रत्येक चूक तिप्पट होते, हे या पद्धतीत कायम ध्यानात ठेवावे लागते.

हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे उत्पादनाचा अतिनील वर्णपट घेणे. सायक्लोहेक्झेन २५५ नॅनोमीटरच्या आसपास पारदर्शक असतो आणि बेंझीन तिथे ठळक शोषण दाखवते. त्या जागी बारीक बारीक टोके असलेला पट्टा उमटला की बेंझीन शिल्लक आहे असे समजावे. सोबत शोषलेल्या हायड्रोजनचा हिशोबही मांडावा. बेंझीनच्या एका मोलला तीन मोल हायड्रोजन भरला नसेल तर ते मोजमाप बाजूला ठेवावे.

पाचवी पायरी: एकेक हायड्रोजनचा हिशोब

एकूण १५० ही तफावत कुठे दडली आहे, हे पाहायला तीन हायड्रोजन एकेक करून द्यावेत. वरच्या तीन ओळींची वजाबाकी केली की टप्पे मिळतात:

```
benzene → 1,3-cyclohexadiene     : +5.57 kcal  (+23.3 kJ)
1,3-cyclohexadiene → cyclohexene : -26.78 kcal (-112.0 kJ)
cyclohexene → cyclohexane        : -28.59 kcal (-119.6 kJ)
```

शेवटचे दोन टप्पे साध्या दुहेरी बंधासारखे वागतात. पहिला टप्पा मात्र उष्माग्राही आहे. जिथे ११९.६ किलोज्यूल बाहेर पडायला हवे होते तिथे २३.३ आत घ्यावे लागतात. एकट्या या टप्प्यावर १४२.९ किलोज्यूलची तफावत आहे, म्हणजे जवळजवळ सगळीच. बेंझीनचा वर्तुळाकार इलेक्ट्रॉन-ढग पहिल्याच हायड्रोजनला तुटतो आणि त्याची किंमत तिथेच एकरकमी चुकवावी लागते.

प्रयोगशाळेत याचा परिणाम थेट दिसतो. बेंझीनचे हायड्रोजनेशन अर्ध्यावर थांबवून सायक्लोहेक्झाडायईन गोळा करता येत नाही. ते तयार होणेच चढाचे असते, आणि झालेच तर बेंझीनपेक्षा कितीतरी वेगाने पुढे सायक्लोहेक्झीनकडे जाते. सायक्लोहेक्झीनवर थांबवणे मात्र रुथेनियमच्या उत्प्रेरकावर काही प्रमाणात साधते.

सहावी पायरी: वजाबाकीची रासायनिक क्रिया लिहा

ही पायरी बहुतेक पुस्तके गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त ती शिकवते. आपण एका समीकरणातून दुसऱ्याची तिप्पट वजा केली. संख्यांबरोबर समीकरणांचीही वजाबाकी करून पाहा. हायड्रोजन दोन्हीकडे तीन मोल असल्यामुळे तो पूर्ण कटतो आणि उरते हे:

```
C6H6 + 2 C6H12 → 3 C6H10     ΔH = +150.5 kJ
```

म्हणजे ‘रेझोनन्स ऊर्जा’ ही एका खऱ्याखुऱ्या क्रियेची एन्थाल्पी आहे. बेंझीन आणि दोन सायक्लोहेक्झेन घेऊन तीन सायक्लोहेक्झीन बनवायला १५०.५ किलोज्यूल लागतात. सगळे पदार्थ बाटलीत मिळणारे आहेत, काल्पनिक रेणू एकही नाही. एवढेच नाही, तर उत्प्रेरकावर सायक्लोहेक्झीन आपसात हायड्रोजन वाटून घेते असे वर सांगितले, ती याच क्रियेची उलटी दिशा आहे. मोजमाप बिघडवणारी ती घटना मुळात रेझोनन्स ऊर्जा मोकळी झाल्यामुळेच इतक्या सहज घडते.

आता या क्रियेतले बंध मोजा. डावीकडे बेंझीनला केकुलेच्या चित्रासारखे धरले तर तीन दुहेरी बंध आहेत आणि त्यांच्या मधले तीन एकेरी बंध, ज्यांची दोन्ही टोके sp² कार्बन, म्हणजे दुहेरी बंधातले कार्बन, आहेत. दोन सायक्लोहेक्झेनमध्ये sp³ कार्बनमधले, म्हणजे फक्त एकेरी बंध असलेल्या कार्बनमधले, बारा एकेरी बंध. उजवीकडे तीन दुहेरी बंध आहेत, sp² आणि sp³ यांना जोडणारे सहा एकेरी बंध आहेत आणि sp³-sp³ असे नऊ. दोन्ही बाजू अठरा-अठरा भरतात, पण एकेरी बंधांचे प्रकार जुळत नाहीत. दोन sp² कार्बनमधला एकेरी बंध उजवीकडे एकही नाही.

असा बंध जास्त मजबूत असतो, शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुहेरी बंधांत संयुग्मनही होते, म्हणजे त्यांचे इलेक्ट्रॉन मधल्या एकेरी बंधावरही पसरतात. संयुग्मन तर कोणत्याही साध्या डायईनमध्ये सापडते, त्यासाठी बेंझीनचे बंद कडे लागत नाही. तेव्हा १५०.५ या आकड्यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत: साध्या संयुग्मनाचा वाटा आणि कडे पूर्ण झाल्यामुळे मिळणारी खास ॲरोमॅटिक स्थिरता.

सातवी पायरी: दोन वाटे वेगळे करा

यासाठी १,३-सायक्लोहेक्झाडायईनचा आकडा कामाला येतो. दोन सुट्या दुहेरी बंधांकडून ५७.१८ किलोकॅलरी अपेक्षित होती, मोजली ५५.३७. एका संयुग्मनाचा फायदा १.८१ किलोकॅलरी, म्हणजे ७.६ किलोज्यूल. काल्पनिक सायक्लोहेक्झाट्रायईनमध्ये अशी शेजारची जोडी तीन ठिकाणी येते:

```
3 × 1.81 = 5.43 kcal
35.97 - 5.43 = 30.54 kcal = 127.8 kJ/mol
```

या १२७.८ लाही खऱ्या क्रियेच्या रूपात लिहिता येते:

```
C6H6 + 3 C6H10 → 3 C6H8 + C6H12     ΔH = +127.8 kJ
```

इथे बंध मोजा. दोन्ही बाजूंना सहा दुहेरी बंध, sp²-sp² असे तीन, sp²-sp³ असे सहा आणि sp³-sp³ असे नऊ. अगदी तंतोतंत जुळतात. डावीकडे जे आहे आणि उजवीकडे नाही, असे उरते ते फक्त बेंझीनचे बंद कडे. म्हणून ‘ॲरोमॅटिक स्थिरता किती’ असा प्रश्न असेल तर मी १५० पेक्षा १२८ हे उत्तर जवळचे मानतो. ‘तीन सुट्या दुहेरी बंधांच्या तुलनेत स्थिरता किती’ असा प्रश्न असेल तर १५० हेच उत्तर. प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरेही दोन.

पण १२८ वरही हा विषय संपत नाही. १,३-सायक्लोहेक्झाडायईनचे कडे सपाट नसते, त्याला पीळ असतो. दोन दुहेरी बंध एका पातळीत नसल्यामुळे त्यांचे संयुग्मन पुरते फुलत नाही. १,४-सायक्लोहेक्झाडायईनमध्ये दुहेरी बंध एकमेकांपासून तुटलेले असतात, तरीही दोन्ही डायईनच्या हायड्रोजनेशनच्या उष्णतेत फारच थोडा फरक पडतो. याचा अर्थ ७.६ हा संयुग्मनाचा हातचा राखलेला आकडा आहे. सपाट ब्यूटाडायईनमध्ये हाच फायदा १-ब्यूटीनशी तुलना करून काढला तर १५ किलोज्यूलच्या आसपास येतो. ब्यूटाडायईनला आधार धरून तोल साधलेली क्रिया अशी लिहितात:

```
C6H6 + 3 C2H4 → 3 C4H6
```

निर्मितीच्या एन्थाल्पी घालून पाहा: ब्यूटाडायईन ११०.०, एथिलीन ५२.४, बेंझीन ८२.९. तीनदा ११० म्हणजे ३३०, त्यातून ८२.९ आणि १५७.२ वजा केले की उरतात सुमारे ९० किलोज्यूल. याही क्रियेत दोन्हीकडे सहा दुहेरी बंध आणि तीन sp²-sp² एकेरी बंध आहेत. बंधांचे प्रकार पुन्हा जुळतात, तरी उत्तर १२८ नाही, ९० आहे. कारण इथे आधाराचा डायईन सपाट आणि पूर्ण संयुग्मित आहे, शिवाय दुहेरी बंधांना जोडलेल्या कार्बनांची मांडणीही बेंझीनसारखी नाही.

१५०, १२८, ९०. मोजमापे सगळी चांगली आहेत, एकही चुकीचे नाही. हलतो तो फक्त आधार.

एक मर्यादा मात्र कोणताही आधार निवडला तरी सुटत नाही. बेंझीनमधले सहाही कार्बन-कार्बन बंध सारखे, सुमारे १४० पिकोमीटरचे आहेत. साधा दुहेरी बंध १३४ च्या आसपास असतो आणि दोन sp² कार्बनमधला एकेरी बंध १४६ च्या आसपास. बेंझीन बनताना दुहेरी बंध ताणावे लागतात आणि एकेरी बंध दाबावे लागतात, आणि त्यालाही ऊर्जा लागते. उष्णता मोजून मिळणाऱ्या आकड्यातून हा खर्च आधीच वजा झालेला असतो. म्हणून कोणी ‘बंधांची लांबी न बदलता फक्त इलेक्ट्रॉन पसरल्यामुळे मिळणारी ऊर्जा’ विचारली, तर ती या आकड्यांपेक्षा मोठी असते, आणि हायड्रोजनेशनच्या उष्णतेवरून ती काढता येत नाही. त्यासाठी सैद्धांतिक गणनेचाच आधार घ्यावा लागतो.

उत्तर कसे लिहावे

वहीत किंवा अहवालात नुसते ‘रेझोनन्स ऊर्जा = १५० kJ/mol’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला ते पडताळता येत नाही. आकडा, अवस्था, तापमान आणि आधार एकाच वाक्यात यावेत, उदाहरणार्थ असे: ‘वायुरूपात, ३५५ केल्विनला, सायक्लोहेक्झीनच्या हायड्रोजनेशनच्या एन्थाल्पीची तिप्पट आधार धरून बेंझीनची स्थिरता १५०.५ किलोज्यूल प्रति मोल. १,३-सायक्लोहेक्झाडायईनवरून संयुग्मनाचा वाटा वगळल्यास १२७.८ किलोज्यूल प्रति मोल.’ खाली त्या त्या क्रियेचे तोल साधलेले समीकरण द्यावे, म्हणजे कोणते बंध कटले आणि कोणते उरले, हे वाचणारा स्वतः मोजू शकतो.